पूर्वीच्या सहकाऱ्यास पुनश्च निमंत्रण : आपुलकी आणि आग्रह यांतील सीमारेषा

लहान औषधनिर्माणशाळा चालविणाऱ्या वैद्यांपुढे कधी ना कधी एक नाजूक प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे पूर्वी उत्तम काम केलेली एखादी व्यक्ती काही वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेली असते. आज तिच्या योग्यतेची जागा रिकामी होणार असते. तिनेच पुन्हा यावे असे मनापासून वाटते, परंतु कसे बोलवावे हे उमगत नाही. मग एखाद्या लग्नसमारंभात गाठ पडते, “या की परत, कंपनी तुमचीच आहे” असे आपण म्हणतो, समोरची व्यक्ती हसून “बघू” म्हणते आणि विषय तेथेच संपतो. आपण निमंत्रण दिले असे आपणांस वाटते. त्या व्यक्तीला मात्र ती एक शिष्टाचाराची गोष्ट वाटलेली असते.

याच्या उलट टोकही तितकेच परिचित आहे. आपल्याकडे पंगतीत आग्रह करणे हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला तरी वाढपी थांबत नाही, कारण पहिला नकार हा संकोच असतो असे उभयतांनी गृहीत धरलेले असते. नोकरीच्या निमंत्रणात हीच सवय घातक ठरते. तेथे नकारामागे संकोच नसतो. मुलांची शाळा, घराचे हप्ते, सध्याच्या मालकाला दिलेला शब्द अशी खरी कारणे असतात. म्हणून येथे आपुलकी ठेवावयाची आणि आग्रह गाळावयाचा, हे दोन्ही एकाच वेळी साधावे लागते. ते कसे साधावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे केले आहे. उदाहरण समजुतीसाठी रचलेले आहे. त्यातील परिस्थिती मात्र या व्यवसायात नित्य आढळणारी आहे.

१. उदाहरण

वीस-बावीस कामगारांची एक निर्माणशाळा आहे. अवलेह, आसवारिष्टे व सिद्ध तैले ही तिची मुख्य उत्पादने. तेथे आयुर्वेदाची पदवी घेतलेल्या एका वैद्या भगिनींनी सात वर्षे अवलेह विभाग सांभाळला. कारखान्यात सर्वजण त्यांना ‘ताई’ म्हणत. पाक उतरविण्याची वेळ त्या केवळ घड्याळावर ठरवीत नसत. पाण्यात टाकलेला थेंब न पसरता तळाशी बसतो की नाही हे त्या स्वतः पाहत, आणि त्याची टीप बॅच नोंदवहीत लिहून ठेवीत. तीन वर्षे चार महिन्यांपूर्वी त्या एका मोठ्या कंपनीत गेल्या. जाताना त्यांनी “घरची थोडी अडचण आहे” एवढेच सांगितले होते.

आता या निर्माणशाळेचे तांत्रिक प्रमुख येत्या ३१ मार्च रोजी निवृत्त होत आहेत. औषधे नियम, १९४५ यांतील नियम १५७ नुसार आयुर्वेदीय औषधांची निर्मिती विहित अर्हता असलेल्या, पूर्णवेळ नोकरीतील किमान एका तज्ज्ञ व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते. म्हणजे ही जागा रिकामी ठेवता येत नाही आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या सल्लागाराकडून ती भरूनही निघत नाही. मालकांची निकड खरी आहे. मात्र ती मालकांची निकड आहे, ताईंची नव्हे. संपूर्ण निमंत्रणाचा तोल या एका भेदावर अवलंबून असतो.

२. निमंत्रणापूर्वी निदान

चिकित्सेत निदानपरिवर्जनाला जे स्थान आहे, तेच येथेही द्यावे लागते. ज्या कारणाने व्यक्ती गेली ते कारण कायम असताना तिला बोलावणे म्हणजे हेतू न टाळता औषध देणे होय. जाताना सांगितलेले कारण मात्र बहुधा सौजन्याचे असते. निरोपाच्या दिवशी कोणी कडू बोलत नाही. म्हणून खरे कारण अन्यत्र शोधावे लागते.

त्यासाठी हेरगिरी करण्याची गरज नाही. कारखान्यातच असलेली कागदपत्रे पुरेशी बोलकी असतात. आपल्या उदाहरणातील मालकांनी ताईंच्या शेवटच्या वर्षाचे हजेरीपत्रक काढले. आवळ्याच्या हंगामात सलग सात आठवडे त्यांची एकही साप्ताहिक सुटी नोंदलेली नव्हती. त्यानंतर त्यांनी बॅच नोंदवही पाहिली. दोन ठिकाणी ताईंनी ‘पाक पुन्हा तपासावा’ असे लिहिले होते, आणि विक्री विभागाच्या नोंदीप्रमाणे त्याच दोन बॅचेस दुसऱ्याच दिवशी वितरकाकडे रवाना झाल्या होत्या. घरची अडचण खोटी नसेलही. परंतु ज्या मालाखाली आपली सही आहे तो आपला शब्द डावलून बाहेर जातो, ही अडचण कारखान्यातली होती.

येथे मालकांनी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या दोन गोष्टींपैकी आज काय बदलले आहे आणि काय बदललेले नाही? काहीच बदललेले नसेल, तर आधी बदल करावा आणि पत्र नंतर लिहावे. ‘तुम्ही या, मग बदलू’ हे आश्वासन नव्हे. ज्या व्यक्तीने एकदा त्या गोष्टीचा त्रास सोसला तिच्यावरच तो दुरुस्त करण्याचे ओझे टाकणे होय.

आणखी एक गोष्ट पत्रापूर्वीच करावयाची असते. ताईंच्या हाताखाली शिकलेला एक सहायक आज अवलेह विभाग पाहतो आहे. निवृत्तीनंतरच्या जागेसाठी बाहेरच्या व्यक्तीचा विचार चालू आहे, हे त्याला मालकांकडून प्रत्यक्ष कळले पाहिजे. ताईंचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही; ते गुप्त ठेवणे योग्यच. परंतु त्याची अर्हता या जागेस पुरेशी आहे का आणि नसल्यास त्याचे पुढे काय, हे त्याच्याशी बोलून ठेवले नाही, तर जुनी व्यक्ती परत येते आणि टिकून राहिलेली व्यक्ती निघून जाते.

३. पहिला खर्डा आणि त्यातील दोष

मालकांनी भावनेच्या भरात लिहिलेला पहिला खर्डा असा होता :

“स. न. वि. वि. आपण गेल्यापासून कारखान्याची घडी विस्कटली आहे. आम्ही आपणांस घरच्यासारखे वागविले, पाक कसा ओळखावा ते हाताला धरून शिकविले, हे आपण विसरला नसालच. आवळ्याचा हंगाम तोंडावर आला असून आपल्यावाचून निभावणे कठीण आहे. पगाराची चिंता करू नये, मागाल ते देऊ. आपल्या यजमानांशीही माझे बोलणे झाले आहे, त्यांची हरकत दिसत नाही. येत्या सोमवारपर्यंत होकार कळवावा. नकार ऐकून घेणार नाही!”

या पत्रात प्रेम नाही असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य दडपण आणते. ‘घडी विस्कटली’ या वाक्याने कारखान्याच्या अडचणीची जबाबदारी ताईंच्या जाण्यावर येऊन पडते. ‘घरच्यासारखे वागविले’ या वाक्याने जुने ऋण पुढे मांडले जाते. सात वर्षांच्या कामाचे वेतन त्यांनी कष्टाने मिळविले होते. त्यांत परत करावयाचे काही शिल्लक नाही. ‘मागाल ते देऊ’ हे औदार्य वाटते, पण प्रत्यक्षात आकडा ठरविण्याचा संकोच ते समोरच्यावर ढकलते आणि पुढे वाद निर्माण करते. यजमानांशी परस्पर बोलणे तर सर्वांत वाईट. त्यामुळे ताईंना आपल्याच घरात आपल्या निर्णयाचे उत्तर द्यावे लागते. सोमवारच्या मुदतीला काही कारण दिलेले नाही. ती केवळ घाई निर्माण करण्यासाठी आहे. आणि शेवटचे वाक्य पंगतीतले आहे. ते तेथेच शोभते.

पत्रात दडपण आहे की नाही हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पत्र वाचून झाल्यावर त्याचे नकारार्थी उत्तर स्वतः लिहून पाहावे. ते दोन ओळींत, क्षमा न मागता आणि स्पष्टीकरण न देता लिहिता आले, तर पत्र मोकळे आहे. वरील खर्ड्याला नकार देताना ताईंना कृतघ्न न दिसण्यासाठी पानभर लिहावे लागले असते.

४. सुधारित पत्र

“प्रिय ताई, स. न. वि. वि.

अवलेहाच्या बॅच नोंदवहीत आपण लिहून ठेवलेल्या टिपा आम्ही आजही नव्या कामगारांना वाचावयास देतो. गेल्या महिन्यात त्या पुन्हा चाळताना आपली आठवण झाली, म्हणून हे पत्र.

आमचे तांत्रिक प्रमुख ३१ मार्च रोजी निवृत्त होत आहेत. त्या जागेचा विचार करताना आपले नाव मनात आले. आपण येथे होता तेव्हा दोन गोष्टी नीट नव्हत्या, हे मला जुने कागद पाहताना दिसले. आपण शंका लिहूनही माल बाहेर गेला, आणि हंगामात आपणांस सुटी मिळाली नाही. पहिली गोष्ट आता बदलली आहे. जूनपासून तांत्रिक प्रमुखांच्या सहीशिवाय एकही बॅच गोदामाबाहेर जात नाही. दुसरी अर्धीच बदलली आहे. साप्ताहिक सुटी मिळते, परंतु डिसेंबर-जानेवारीत ती रविवारीच मिळेल असे सांगता येत नाही. वेतन दरमहा ४२,००० रुपये देता येईल. याहून अधिक आज शक्य नाही.

आपण आहात तेथे समाधानी असाल, तर हे पत्र म्हणजे एका जुन्या सहकाऱ्याचा नमस्कार समजावा. नकाराचे कारण लिहिण्याची गरज नाही. विचार करावासा वाटल्यास सवडीने करावा. नव्या व्यक्तीस मार्चपूर्वी काम समजावून देता यावे म्हणून १ डिसेंबरनंतर आम्ही जाहिरात देणार आहोत. त्यानंतर आपण कळविले तरी आनंदच वाटेल. मात्र तोवर जागा भरलेली असू शकेल. माझे भागीदार वगळता या पत्राविषयी कोणास ठाऊक नाही.

घरी सर्वांना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच राहावा.”

या पत्रात आपुलकी कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. ‘आपण फार उत्तम काम करीत होता’ असे एकही वाक्य त्यात नाही. त्याऐवजी नोंदवहीतील टिपा आजही वाचल्या जातात, ही एक खरी आणि केवळ त्यांनाच लागू पडणारी गोष्ट आहे. सर्वसाधारण स्तुती कोणालाही पाठविता येते आणि वाचणाऱ्यास ते ठाऊक असते. नेमकी आठवण मात्र खोटी रचता येत नाही.

विश्वास निर्माण करणारा भाग निराळा आहे. तो ‘अर्धीच बदलली आहे’ आणि ‘याहून अधिक शक्य नाही’ या दोन कबुल्यांत आहे. उणीव सांगितलेली असल्यामुळे सहीच्या नियमाची गोष्टही खरी वाटते. तारखेचेही तसेच. १ डिसेंबर ही मुदतच आहे, परंतु तिचे कारण दिले आहे आणि ती उलटल्यास काय होईल हेही सांगितले आहे. कारणासह सांगितलेली तारीख ही माहिती असते. विनाकारण घातलेली मुदत हा दबाव असतो.

५. पत्र केव्हा व कोणत्या मार्गाने

वरील पत्र ऑक्टोबरच्या आरंभी, आवळ्याची भट्टी पेटण्यापूर्वी लिहिलेले आहे. ऐन हंगामात लिहिलेले पत्र कितीही संयत असले तरी त्यातून हाक ऐकू येते. शिवाय ताईंना सध्याच्या नोकरीत दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. त्या तेथे नियमानुसार तज्ज्ञ म्हणून नोंदलेल्या असतील, तर त्या कंपनीलाही पर्यायी व्यक्ती शोधावी लागेल. ऑक्टोबर ते मार्च हा अवधी म्हणूनच आवश्यक आहे. ‘उद्याच या’ असे सांगणारा मालक उद्या आपल्याबाबतही असेच घडू शकते हे विसरतो.

पत्र घरच्या पत्त्यावर पाठवावे. कार्यालयाचा पत्ता वा तेथील ई-मेल कटाक्षाने टाळावा. दूरध्वनी हे पहिल्या निमंत्रणाचे साधन नव्हे, कारण त्यावर तत्क्षणी काहीतरी उत्तर द्यावे लागते, आणि संकोचाने दिलेला अर्धवट होकार नकारापेक्षा त्रासदायक ठरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावयाचे असल्यास एकच सलग संदेश पाठवावा आणि तो वाचला गेल्याची खूण दिसली म्हणून पुन्हा विचारू नये.

उत्तर न आल्यास काय करावे? तीन-चार आठवड्यांनंतर एकदाच दोन ओळी लिहाव्यात : “पत्र पोहोचले असेल असे समजतो. उत्तराची अपेक्षा ठेवून हे लिहीत नाही. आम्ही ठरल्याप्रमाणे जाहिरात देत आहोत.” या संदेशाने विषय सन्मानाने मिटतो. तिसरे पत्र लिहू नये.

६. उत्तर आल्यावर

ताईंचे उत्तर दहा दिवसांनी आले. त्यांत होकारही नव्हता आणि नकारही नव्हता. तीन प्रश्न होते. वितरकाची मागणी आणि त्यांची शंका यांत मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कोणाचा? सध्याच्या सहायकाचे काय? आणि पूर्वीच्या सात वर्षांची सेवा धरली जाईल का?

असे प्रश्न हा विचार चालू असल्याचा संकेत असतो. त्यांना उत्तरे लेखी आणि एकेरी अर्थाची द्यावीत. पहिल्याचे उत्तर मालकांनी एका वाक्यात दिले : माल अडविण्याबाबत शेवटचा शब्द तांत्रिक प्रमुखांचा. दुसऱ्याचे उत्तर ते देऊ शकले, कारण सहायकाशी आधीच बोलणे झाले होते. तिसरा प्रश्न मात्र कठीण होता, आणि बहुतेक मालकांना त्याची कल्पना नसते.

उपदान, म्हणजे ज्याला आपण ग्रॅच्युइटी म्हणतो, त्याचा हक्क कायम कर्मचाऱ्यास सामान्यतः पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर प्राप्त होतो, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम मिळते. ताईंना पहिल्या सात वर्षांचे उपदान जाताना मिळालेले होते. त्यामुळे परत आल्यास त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होणार. दुसरीकडे, सध्याच्या कंपनीत त्यांची तीन वर्षे चार महिने झाली आहेत. आता सोडल्यास तेथील हक्क हातचा जाणार. भविष्यनिर्वाह निधीची अडचण नसते, कारण सदस्याचा सार्वत्रिक खाते क्रमांक तोच राहतो आणि जमा रक्कम वर्ग करता येते. उपदानाचे तसे नाही. म्हणजे आपल्या निमंत्रणाची किंमत ताईंना त्यांच्या खिशातून द्यावी लागते, आणि बोलावणाऱ्याने ती जाणली पाहिजे.

मालकांनी लिहिले की पूर्वीची सात वर्षे रजा आणि ज्येष्ठता यांसाठी धरली जातील व तसे नेमणूकपत्रात नमूद होईल. उपदानाचा तोटा भरून देणे मात्र कारखान्यास झेपणार नाही. एवढे सांगून ते थांबले. ‘पैशापेक्षा माणसे महत्त्वाची’ अशी पुस्ती त्यांनी जोडली नाही, हे योग्यच केले.

ताईंनी अखेर नकार कळविला. मुलीचे दहावीचे वर्ष आणि उपदानाची राहिलेली मुदत ही कारणे त्यांनी आपण होऊन लिहिली. त्याखाली एक ओळ होती : ‘सहीचा नियम झाला हे वाचून बरे वाटले.’ मालकांचे उत्तर असे गेले : “आपला निर्णय समजला आणि पटला. मुलीला परीक्षेसाठी शुभेच्छा. सहीचा नियम मूळ आपल्याच टिपांमुळे झाला, हे कळविण्याचे राहिले होते.” त्यात ‘पुढे कधी विचार बदलला तर’ असे शब्द नाहीत. दार उघडे असल्याचे पहिल्या पत्रातच कळले होते. दर दिवाळीला ते पुन्हा सांगणे म्हणजे नकार मान्य न करणे.

उत्तर होकाराचे आले असते तर दोन गोष्टी तातडीने कराव्या लागल्या असत्या. ठरलेल्या सर्व अटी नेमणूकपत्रात उतरविणे आणि तज्ज्ञ व्यक्तीतील बदल अन्न व औषध प्रशासनास कळविणे. त्याखेरीज पहिल्या महिन्यात एक जपणूक हवी. परत आलेल्या व्यक्तीला कारखाना ओळखीचा वाटतो, पण तीन वर्षांत भांडी, माणसे आणि नोंदींची पद्धत बदललेली असते. ‘तुम्हाला काय सांगायचे’ असे म्हणून तिला नवख्यासारखी माहिती न देणे, ही या टप्प्यावर हमखास होणारी चूक आहे.

७. मर्यादा

ही पद्धत सर्वांस लागू नाही. हिशोबाचा वा वर्तनाचा वाद शिल्लक ठेवून गेलेल्या व्यक्तीस असे पत्र लिहू नये. आधी तो वाद मिटवावा. जागा आठ दिवसांत भरणे भाग असेल, तर जाहिरातच द्यावी, कारण सवड नसताना सवडीने विचार करा असे लिहिणे खरे ठरत नाही. आणि नकार आल्यास आपले काम कसे चालेल याची व्यवस्था पत्र टाकण्यापूर्वीच करून ठेवावी. आपल्या उदाहरणातील मालकांनी जाहिरातीचा मजकूर आधी तयार केला आणि नंतर ताईंना पत्र लिहिले. नकार सोसण्याची तयारी असल्यामुळेच त्यांच्या पत्रातला मोकळेपणा खरा होता.